व्हिनेट आणि कॉनजॉइंट सर्वेक्षण-प्रयोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्वेक्षण-प्रयोगांवर कार्यशाळा घ्यायला लागल्यापासून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे. एखाद्यापुढे नोकरीचे दोन प्रस्ताव आहेत आणि त्यातला एक निवडायचा आहे. आज मिळतो त्यापेक्षा पगार किती जास्त, जायला-यायला किती वेळ, घरून काम करता येतं की नाही, नोकरी कायम की कंत्राटी, एवढ्याच गोष्टी त्यात बदलतात. उदाहरणातले आकडे हिशेब दाखवण्यासाठी घेतलेले आहेत. खऱ्या अभ्यासाबद्दल बोलतो आहे तिथे तसं म्हटलेलं आहे.

१. व्हिनेट आणि कॉनजॉइंट यात नेमका फरक काय?

तत्त्व दोन्हींचं एकच आहे. एखाद्या वर्णनातले अनेक घटक एकाच वेळी, चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक बदलायचे आणि माणसाचा कौल कसा बदलतो ते पाहायचं. फरक मांडणीत आहे. व्हिनेटमध्ये वर्णन गोष्टीसारखं, एका परिच्छेदात येतं: ‘मीनाला एक नोकरी मिळते आहे. पगार दहा टक्के जास्त आहे, पण जायला पाऊण तास लागतो...’ त्यावर विचारायचं, तिने ती घ्यावी का, किंवा एक ते सातपैकी किती गुण द्याल. कॉनजॉइंटमध्ये बहुधा तक्ता असतो. डावीकडे घटकांची नावं, पुढे दोन रकाने, आणि दोनपैकी एक निवडायचा.

ही दोन घराणी वेगवेगळ्या वाटांनी आली. व्हिनेटची वाट समाजशास्त्रातून येते आणि पीटर रॉसी यांच्या कामाशी जोडलेली आहे. कॉनजॉइंटचा गणिती पाया लूस आणि टुकी यांनी १९६४ साली घातला आणि पुढे बाजार-संशोधनाने तो उचलला. राज्यशास्त्रात आज जी पद्धत रूढ आहे तिला २०१४ साली हाइनम्यूलर, हॉपकिन्स आणि यामामोतो यांच्या लेखाने आकार दिला.

घटना, क्रम, नात्यातला ताण असं काही दाखवायचं असेल तर गोष्ट लागते, म्हणून व्हिनेट घ्या. दोन पर्याय शेजारी ठेवून तोलायचे असतील तर तक्ता घ्या.

२. एवढा खटाटोप कशाला? ‘नोकरी निवडताना तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं?’ असं सरळ का विचारू नये?

सरळ विचारलं की सगळंच महत्त्वाचं ठरतं. पगार हवा, वेळ वाचायला हवा, नोकरी कायम हवी. त्या उत्तरात काहीच सोडावं लागत नाही, आणि निर्णय तर कशासाठी काय सोडायचं याचाच असतो. जोडीमध्ये वीस टक्के जास्त पगार दीड तासाच्या प्रवासासोबत येतो, समोर सध्याच्याच पगाराची पंधरा मिनिटांवरची नोकरी असते, आणि माणसाला एकच घेता येते.

दुसरं कारण असं की आपण कशामुळे निवडलं हे माणसाला पुष्कळदा नीट सांगता येत नाही. इथे त्याला कारण विचारलेलंच नसतं. निवडींवरून ते काढायचं काम संशोधकाचं.

३. घटक आणि त्यांच्या पातळ्या कशा ठरवायच्या?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढचा एकही हिशेब इथली चूक दुरुस्त करू शकत नाही.

पहिली गोष्ट, जे तुम्ही लिहीत नाही ते माणूस मनाने भरतो. आमच्या एका पूर्वचाचणीत तक्त्यात प्रवासाचा वेळ नव्हता. एक बाई मोठ्याने विचार करत वाचत होत्या. ‘घरून काम: नाही’ या ओळीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “म्हणजे रोजची दोन तासांची ये-जा आलीच.” वेळ आम्ही कुठेच लिहिलेला नव्हता. त्या तक्त्यावरून ‘घरून काम’चा जो परिणाम निघाला असता त्यात प्रवासही मिसळलेला असता, आणि तो वेगळा काढायची काही सोय नव्हती. म्हणून मुख्य सर्वेक्षणाआधी आठ-दहा जणांना तरी समोर बसवून तक्ता मोठ्याने वाचायला लावा. ते कुठे थांबतात आणि काय गृहीत धरतात ते टिपून घ्या.

दुसरी गोष्ट पातळ्यांच्या पल्ल्याची. पगाराच्या पातळ्या ‘तेवढाच, २ टक्के जास्त, ४ टक्के जास्त’ अशा ठेवल्या तर पगाराला कुणी विचारत नाही असा निष्कर्ष निघेल. ‘तेवढाच, २५ टक्के जास्त, ५० टक्के जास्त’ ठेवल्या तर पगारापुढे बाकी सगळं फिकं पडेल. माणसं तीच, पल्ला तुम्ही बदललात. त्यामुळे ‘सर्वांत महत्त्वाचा घटक कोणता’ या प्रश्नाला पल्ल्याशिवाय उत्तर नाही. लिहिताना ‘तेवढाच पगार ते वीस टक्के जास्त, या पल्ल्यात’ हे शब्द वाक्यात राहू द्या. पातळ्यांच्या संख्येचाही परिणाम होतो. बाजार-संशोधनात हे जुनं निरीक्षण आहे की ज्या घटकाला जास्त पातळ्या असतात तो जास्त वजनदार दिसतो. शक्यतो सगळ्या घटकांना दोन-तीन पातळ्या ठेवा.

तिसरी गोष्ट, घटकांचा क्रम प्रत्येक उत्तरदात्यासाठी यादृच्छिक लावा, पण एकाच माणसाच्या सगळ्या जोड्यांत तो बदलू नका. दर वेळी ओळी हलल्या तर माणसाचा सगळा जोर शोधण्यात जातो. कोणाला कोणता क्रम दिसला ते विदेत साठतंय ना, हे मात्र पहिल्याच दिवशी तपासा. नंतर ते कुठूनही मिळत नाही.

४. किती माणसं लागतील आणि प्रत्येकाला किती जोड्या दाखवाव्यात?

ढोबळ हिशेब असा. ५०० माणसं, प्रत्येकी ६ जोड्या, जोडीत २ पर्याय, म्हणजे विदेत ६,००० ओळी. घटकाला तीन पातळ्या असतील तर प्रत्येक पातळी साधारण २,००० ओळींत येते. अशा दोन पातळ्यांमधल्या फरकाचा ९५ टक्के विश्वास-पट्टा साधारण अधिक-उणे ३ टक्केबिंदू पडतो. फरक ५ बिंदूंचा असेल तर तो दिसेल. २ बिंदूंचा असेल तर दिसणार नाही.

या ६,००० ओळी म्हणजे ६,००० माणसं नव्हेत. एकाच माणसाची उत्तरं एकमेकांना बांधलेली असतात, म्हणून प्रमाणित त्रुटी काढताना माणसानुसार गट धरावाच लागतो.

दोन गटांमधला फरक पाहायचा असेल तर चित्र एकदम बदलतं. माणसं निम्मी-निम्मी विभागली तर ‘परिणामांमधल्या फरका’चा पट्टा दुप्पट होतो. वरच्याच उदाहरणात तो अधिक-उणे ६ बिंदू. मूळ पट्ट्यावर परत यायला चौपट माणसं लागतात. गटांची तुलना हाच मुख्य प्रश्न असेल तर नमुना त्या हिशेबाने ठरवा.

जोड्या वाढवणं हे माणसं वाढवण्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि लोक वाटतं तितक्या लवकर कंटाळत नाहीत. बॅन्सॅक आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली एकेका माणसाला ३० पर्यंत जोड्या देऊन पाहिल्या. उत्तरांचा दर्जा फारसा ढासळला नाही. तो मोबदला घेऊन सर्वेक्षणं भरणाऱ्या ऑनलाइन लोकांवरचा अनुभव आहे. समोरासमोर तक्ता वाचून दाखवायचा असेल तर मी पाच-सहाच्या पुढे जात नाही.

५. ‘दोन्ही नकोत’ हा पर्याय द्यावा का?

खऱ्या निर्णयात नाही म्हणायची सोय असेल तर द्या. नोकरीच्या बाबतीत माणूस आहे तिथेच राहू शकतो, म्हणून मी आधी दोनपैकी एक निवडायला लावतो आणि लगेच खाली विचारतो, ‘ही नोकरी तुम्ही खरंच घ्याल का?’ पहिल्या उत्तरातून घटकांची आपसातली तोलणी मिळते, दुसऱ्यातून पर्याय मुळात स्वीकारण्याजोगा होता की नाही ते कळतं. ‘दोन्ही नकोत’ हा तिसरा रकाना तक्त्यातच टाकला तर अवघड जोडी आली की लोक तिकडे वळतात, आणि जिथे सर्वाधिक शिकायला मिळालं असतं तीच उत्तरं हातची जातात.

६. निकाल आल्यावर काय काढायचं? एएमसीई आणि ‘सीमांत सरासरी’ यात गोंधळ होतो.

सीमांत सरासरी समजायला सोपी आहे. ज्या ज्या पर्यायांत ‘प्रवास १५ मिनिटं’ होतं, त्यांतले किती निवडले गेले? ०.६० आलं म्हणजे दहापैकी सहा. दोनपैकी एक निवडायचाच असल्यामुळे सगळ्यांची मधली रेषा ०.५० असते. त्याच्या वर म्हणजे ती पातळी पर्यायाला वर ओढते, खाली म्हणजे मागे खेचते.

एएमसीई, म्हणजे सरासरी सीमांत घटक-परिणाम, हा दोन पातळ्यांमधला फरक असतो. १५ मिनिटांची सरासरी ०.६० आणि ९० मिनिटांची ०.४२ असेल, तर ९० च्या तुलनेत १५ चा एएमसीई अधिक १८ बिंदू. बाकी घटक यादृच्छिक असल्यामुळे ते दोन्हीकडे सरासरीने सारखेच वाटले जातात, म्हणून हा फरक कारण-परिणाम म्हणून वाचता येतो. आर भाषेतलं `cregg` हे पॅकेज दोन्ही काढून देतं:

```r
library(cregg)
cj(d, choice ~ pay + commute + wfh + contract,
   id = ~ resp_id, estimate = "mm")
cj(d, choice ~ pay + commute + wfh + contract,
   id = ~ resp_id, estimate = "amce")
```

विदेत प्रत्येक पर्यायाची एक ओळ हवी, जोडीची एक नव्हे. `choice` मध्ये निवडलेल्याला १ आणि दुसऱ्याला ०. घटक `factor` प्रकारचे हवेत आणि पहिली पातळी आधाराची धरली जाते. त्या आधाराचं पुढे काय होतं ते प्रश्न ८ मध्ये आहे.

७. ‘घरून काम’चा एएमसीई उणे आला. बहुतेकांना घरून काम नको, असं लिहू का?

नका लिहू. ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहतो, म्हणून हिशेब सविस्तर मांडतो.

समजा पाच जण आहेत आणि दोनच घटक: घरून काम की कार्यालय, कायम की कंत्राटी. तिघे जण आधी ‘कायम’ पाहतात, आणि त्याबाबतीत बरोबरी असेल तेव्हा घरून काम पसंत करतात. त्यांची पसंती वरून खाली अशी: घर-कायम, कार्यालय-कायम, घर-कंत्राटी, कार्यालय-कंत्राटी. उरलेल्या दोघांना घरून काम अजिबात नको आहे. त्यांची पसंती: कार्यालय-कायम, कार्यालय-कंत्राटी, घर-कायम, घर-कंत्राटी.

चारही पर्याय सारख्याच वेळा समोर येतात, आणि दोन्हीकडे एकच पर्याय आला तर निवड निम्मी-निम्मी धरू. मग पसंतीत पहिला असलेला पर्याय चार सामन्यांत ३.५ जिंकतो, दुसरा २.५, तिसरा १.५ आणि शेवटचा ०.५.

तिघांपैकी प्रत्येकासाठी ‘घर’ असलेले पर्याय पहिला आणि तिसरा. ३.५ अधिक १.५ म्हणजे आठपैकी ५, म्हणजेच ०.६२५. कार्यालयाला उरतात ३, म्हणजे ०.३७५. घराचा परिणाम अधिक २५ बिंदू. दोघांसाठी ‘घर’ तिसरा आणि चौथा, आठपैकी २, म्हणजे ०.२५ विरुद्ध ०.७५. परिणाम उणे ५० बिंदू.

पाचांची सरासरी: तीन गुणिले २५ म्हणजे ७५, वजा दोन गुणिले ५० म्हणजे १००. उरतात उणे २५, भागिले ५, म्हणजे उणे ५ बिंदू.

बाकी सगळं सारखं असताना पाचपैकी तिघांना घरूनच काम हवं आहे, आणि तरी एएमसीई उणे आहे. हिशेबात चूक नाही. एएमसीई कौल आणि कौलाची तीव्रता एकत्र करतो. दोघांसाठी हा घटक बाकी सगळ्यावर मात करतो, म्हणून ते सरासरी आपल्याकडे ओढतात. अब्रामसन, कोचाक आणि मॅगझिनिक यांनी २०२२ च्या लेखात हीच अडचण मांडली आहे. उणे ५ वरून एवढंच म्हणता येतं: या घटक-वाटपात, कार्यालयाऐवजी घरून काम ठेवलं तर पर्याय निवडला जाण्याची शक्यता सरासरी ५ बिंदूंनी घटते. ‘बहुसंख्य’, ‘बहुतेक’ हे शब्द त्या वाक्यात बसत नाहीत. माणसं किती आहेत हेच हवं असेल तर बाकी सगळं सारखं आणि एकच घटक वेगळा, अशी एखादी जोडी मुद्दाम सगळ्यांना दाखवा आणि थेट मोजा.

८. तरुण आणि वयस्कर यांचे एएमसीई शेजारी ठेवून तुलना केली तर चालेल ना?

पातळ्या दोनपेक्षा जास्त असतील तर सावध राहा. प्रवासाच्या तीन पातळ्या घ्या: १५, ४५ आणि ९० मिनिटं. समजा सीमांत सरासऱ्या तरुणांत ०.६५, ०.५०, ०.३५ आणि वयस्करांत ०.५५, ०.५०, ०.४५ आहेत. ४५ मिनिटांबद्दल दोन्ही गटांचं मत अगदी एक आहे, ०.५०.

आता ९० मिनिटं आधाराला धरा. ४५ चा एएमसीई तरुणांत अधिक १५, वयस्करांत अधिक ५. वाटेल, तरुणांना पाऊण तासाचा प्रवास जास्त पसंत आहे. आधार १५ मिनिटांवर आणा. तोच एएमसीई तरुणांत उणे १५, वयस्करांत उणे ५. आता वाटेल, तरुणांना तो जास्त खुपतो. विदा तीच, उत्तर उलटं. लीपर, होबोल्ट आणि टिली यांनी २०२० साली हे दाखवून दिलं आणि गटांसाठी सीमांत सरासऱ्यांची तुलना करायला सांगितलं. `cregg` मध्ये `by = ~ age_group` आणि `estimate = "mm_diff"` दिलं की ती मिळते. इथे `age_group` हा `factor` प्रकारचा स्तंभ आहे. पट्टा किती रुंद येईल ते प्रश्न ४ मध्ये आहेच.

९. काही जोडण्या अशक्य असतात. त्या काढून टाकाव्यात का?

खरोखर अशक्य असतील तर काढा. ‘पूर्णवेळ घरून काम’ आणि ‘रोजचा प्रवास ९० मिनिटं’ एकाच रकान्यात आले की माणूस सर्वेक्षणाला गांभीर्याने घेणं सोडतो, आणि त्याचा परिणाम पुढच्या जोड्यांवरही होतो. हाइनम्यूलर आणि हॉपकिन्स यांनी अमेरिकेतल्या स्थलांतरितांविषयीच्या अभ्यासात डॉक्टरसारखे व्यवसाय पुरेशा शिक्षणाशिवाय येणार नाहीत असं बंधन घातलं होतं. नुसत्या विरळा जोडण्या मात्र राहू द्या. विरळा म्हणजे अशक्य नव्हे, आणि दोन घटक वेगळे पाहता येतात ते अशाच जोडण्यांमुळे.

बंधन घातलं की हिशेब बदलतो. ‘९० मिनिटं’ आता फक्त कार्यालयाच्या नोकऱ्यांत येतं, तर ‘१५ मिनिटं’ दोन्हींत. सीमांत सरासऱ्या नुसत्या शेजारी ठेवल्या तर प्रवासाच्या फरकात घरून कामाचा फरक मिसळतो. तुलना फक्त जिथे दोन्ही पातळ्या शक्य आहेत तेवढ्याच पर्यायांत करा, म्हणजे इथे कार्यालयाच्या नोकऱ्यांत.

याच्याच पोटात एक मोठा मुद्दा आहे. एएमसीई नेहमी बाकी घटकांच्या वाटपावर सरासरी काढलेला असतो. तुमच्या तक्त्यात निम्म्या नोकऱ्या कायम आहेत, प्रत्यक्षात दहापैकी एकच असेल, आणि ‘कायम’ असताना लोक प्रवास जास्त सोसत असतील, तर तक्त्यातून निघालेला प्रवासाचा परिणाम प्रत्यक्षाला लागू पडणार नाही. दे ला क्वेस्ता, एगामी आणि इमाई यांनी २०२२ साली सुचवलेला मार्ग असा की वाटप शक्य तितकं खऱ्यासारखं ठेवावं, किंवा नंतर वजनं देऊन ते तसं करावं.

१०. लोक कागदावर एक निवडतात आणि प्रत्यक्षात दुसरंच करतात, त्याचं काय?

यावर एक फार सुंदर पडताळणी झालेली आहे. स्वित्झर्लंडमधल्या काही नगरपालिकांत परदेशी अर्जदाराला नागरिकत्व द्यायचं की नाही यावर रहिवासी गुप्त मतदान करत. अर्जदारांची माहिती देणारं पत्रक मतदारांना आधी मिळे. म्हणजे खरा निर्णय जवळजवळ व्हिनेटसारखाच होता. हाइनम्यूलर, हांगार्टनर आणि यामामोतो यांनी तेच घटक घेऊन सर्वेक्षण-प्रयोग केले आणि निकाल खऱ्या मतदानाशी ताडून पाहिले (२०१५). दोन पर्याय शेजारी ठेवणारा कॉनजॉइंट सर्वांत जवळ आला. त्याचं अंतर सरासरी २ टक्केबिंदूंच्या आसपास होतं.

इथे ध्यानात घ्यायचं ते असं की त्या मतदारांकडेही माहिती कागदावरच आली होती. नोकरीच्या निर्णयात मुलाखत असते, कुटुंबातली चर्चा असते, समोरच्या माणसाबद्दलचं मत असतं. तिथे हीच जवळीक गृहीत धरता येत नाही.

११. लक्ष न देता उत्तरं दिली आहेत हे कसं कळेल? आणि त्याने निकाल किती बिघडतो?

सोपा उपाय आहे. पहिली जोडी शेवटी पुन्हा दाखवा, डावी-उजवी बाजू बदलून. किती जणांनी तोच पर्याय पुन्हा निवडला ते मोजा.

समजा ७५ टक्क्यांनी तोच निवडला. याचा अर्थ २५ टक्के लोक बेफिकीर आहेत असा नाही. चूक दोन्ही वेळी होऊ शकते. प्रत्येक उत्तर ‘त’ इतक्या शक्यतेने उलटं पडतं असं धरा. दोन्ही उत्तरं जुळतात ती दोन्ही बरोबर असताना किंवा दोन्ही उलटी असताना. ते समीकरण सोडवलं की ‘त’ साधारण ०.१५ येतो. अशा चुका सगळे परिणाम शून्याकडे ओढतात. एएमसीई जितका असायला हवा त्याच्या (१ वजा २त) पट, म्हणजे इथे सुमारे ०.७१ पट दिसतो. मोजलेला १० बिंदूंचा परिणाम दुरुस्त केल्यावर १४ च्या घरात जातो.

गटांच्या तुलनेत हे फार महत्त्वाचं ठरतं. एक गट दुसऱ्यापेक्षा घाईत उत्तरं देत असेल तर त्याचे सगळेच परिणाम लहान दिसतात, आणि ‘या गटाला प्रवासाचं काही वाटत नाही’ असा निष्कर्ष निघतो. म्हणून पुन्हा दाखवलेल्या जोडीवरचं जुळण्याचं प्रमाण प्रत्येक गटाचं वेगळं काढा आणि दुरुस्तीही वेगळी करा. ती एक जादा जोडी उत्तरदात्याच्या वेळातलं जेमतेम अर्धं मिनिट घेते.